बेरजेत न धरलेले आकडे

खरिपापूर्वी गावोगावच्या बियाण्याच्या मागणीच्या याद्या आता संगणकावर एक्सेलमध्ये होतात. या याद्यांत एक दोष वारंवार आढळून येतो. आकडा डोळ्यांना दिसतो. परंतु संगणक त्यास आकडा न मानता अक्षरे मानतो, आणि बेरजेतून मुकाट्याने वगळतो.

उदाहरणादाखल पाच शेतकऱ्यांची सोयाबीन बियाण्याची मागणी घ्या: ७५, ६०, ३०, ४५ व ९० किलो. एकूण ३०० किलो व्हावयास हवी. यांपैकी ६० व ९० हे आकडे भ्रमणध्वनीवरील संदेशातून उतरवून चिकटविलेले होते. खाली

```
=SUM(B2:B6)
```

असे लिहिले असता उत्तर १५० येते. चुकीची सूचना येत नाही. निम्मेच बियाणे मागविले गेले, तर ही उणीव पेरणीच्या तोंडावर ध्यानात येणार!

परीक्षा सोपी आहे. खरा आकडा घराच्या उजव्या कडेस बसतो, अक्षरे डाव्या कडेस. मात्र रकाना कोणी हाताने मध्यावर आणला असेल, तर ही खूण लोपते. म्हणून प्रथम ती मांडणी काढून टाकावी. शंका असल्यास

```
=ISNUMBER(B3)
```

असे विचारावे. FALSE आल्यास ती अक्षरे समजावीत.

घराचे स्वरूप नुसते Number असे बदलल्याने काम भागत नाही. आत साठविलेला मजकूर तसाच राहतो. रकाना निवडून Data मधील Text to Columns उघडावे व लगेच Finish दाबावे. बेरीज ३०० झाली की काम झाले. कित्येक जण रकान्यास १ ने गुणण्याची युक्ती वापरतात. तीत रिकामी घरे शून्य होतात, आणि ज्याची मागणी अद्याप कळलेलीच नाही त्याच्या नावापुढे शून्य पडते. ते इष्ट नव्हे.

एवढ्यानेही आकडा न वळल्यास त्यात न दिसणारी मोकळी जागा चिकटून आलेली असते. तेव्हा शेजारच्या घरात

```
=VALUE(SUBSTITUTE(B3,CHAR(160),""))
```

असे लिहावे. ‘६० किलो’ असे एकत्र लिहिलेले असेल, तर मात्र आकडा पुन्हा भरणेच बरे. ‘किलो’ हा शब्द रकान्याच्या मथळ्यात असावा.

तारखेच्या जागी 45458 असे काही दिसल्यास गोंधळून जाऊ नये. येथे प्रकार उलटा आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून पुढे दिवस मोजीत जाते; 45458 म्हणजे १५ जून २०२४. माहिती शाबूत आहे, घराचे स्वरूप तेवढे Date करावे. खरी काळजी डाव्या कडेस बसलेल्या तारखांची घ्यावी. संगणकात महिना आधी मानण्याची पद्धत ठेवलेली असेल, तर 15/6/2024 हा मजकूरच राहतो आणि 5/6/2024 मात्र ५ जून न राहता ६ मे होऊन निमूटपणे उजवीकडे जाऊन बसतो.