मार्चचा खर्च, एप्रिलचे बिल

31 मार्चची रात्र उलटली की कारखान्याचे आर्थिक वर्ष संपते, पण त्या वर्षाची बिले यायची थांबत नाहीत. साफसफाईच्या ठेकेदाराचे मार्चचे बिल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येते, विजेचे महिन्याच्या उत्तरार्धात आणि वकिलांचे कधी कधी थेट जूनमध्ये. कायद्याच्या दृष्टीने मात्र सेवा ज्या वर्षात घेतली, खर्च त्याच वर्षाचा. भारतातल्या कंपन्यांना हिशेब याच पद्धतीने ठेवावे लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये लेखा विभागात नव्या वर्षातली बिले एकेक करून उघडली जातात आणि त्यांतला जुन्या वर्षाचा वाटा शोधला जातो. त्या वाट्याच्या नोंदीला कचेरीत सगळे ‘प्रोव्हिजन’ म्हणतात. पुस्तकातले नाव ‘अदत्त खर्च’.

नवशिका हिशेबनीस बिलाची तारीख बघतो. मुरलेला माणूस तपशिलाच्या रकान्यात सेवेचा कालावधी शोधतो.

भोसरीतला एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याचे विजेचे बिल 16 मार्च ते 15 एप्रिल या 31 दिवसांचे, 3,72,000 रुपयांचे. सरळ दिवसांवर वाटणी केली, तर मार्चच्या 16 दिवसांचे 1,92,000 रुपये होतात. पण वर्षअखेरीचा माल पाठवण्यासाठी मार्चमध्ये दोन पाळ्या चालल्या होत्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला यंत्रे बरीचशी बंदच होती. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनने 31 मार्चच्या रात्री मीटरचे वाचन वहीत टिपले होते. त्यावरून दिसले की बिलातले 60 टक्के युनिट मार्चमध्येच जळाले. आता बिलातला 62,000 रुपयांचा स्थिर आकार दिवसांवर वाटायचा, म्हणजे 32,000 मार्चचे. उरलेले 3,10,000 युनिटांवर, म्हणजे 1,86,000. एकूण 2,18,000 रुपये. वहीतल्या त्या एका ओळीने खर्च 26,000 रुपयांनी बदलला.

साफसफाईचे बिल सोपे वाटते. तारीख 6 एप्रिल, काळ पूर्ण मार्च, रक्कम 1,77,000. पण त्यात 27,000 रुपये जीएसटी आहे. बिल हाती आल्यावर हा कर कारखान्याला वजावटीत परत मिळणार, म्हणून तो खर्च नव्हेच. तरतूद फक्त दीड लाखाची. ज्या संस्थेला अशी वजावट मिळत नाही, तिला पूर्ण 1,77,000 धरावे लागतात.

तिसरे बिल फसवे. सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीच्या बिलावर तारीख आहे 28 मार्च, पण सेवा सुरू होते 1 एप्रिलला. जुन्या वर्षाच्या खर्चात यातला एक रुपयाही बसत नाही.

नोंद दोन ओळींची असते : 31 मार्चला साफसफाई खर्च नावे, अदत्त खर्च जमा. घोटाळा होतो तो पुढे. ही नोंद 1 एप्रिलला उलटवायची असते, म्हणजे ठेकेदाराचे बिल नेहमीप्रमाणे खर्चात चढवले की दोन्ही मिळून नव्या वर्षावरचा बोजा शून्य होतो. उलटवायचे राहिले, तर तोच खर्च दोन्ही वर्षांत लागतो. ही चूक ओळखणे अवघड नाही. पुढच्या मार्चला साफसफाईच्या खात्यात बारा नव्हे, तेरा महिन्यांचा खर्च दिसतो आणि ताळेबंदात ते दीड लाखाचे देणे वर्षभर न हलता पडून असते.

जे बिल आलेच नाही, ते वाचणार कसे? इथे खातेवही उलट्या बाजूने कामी येते. दरमहा बिल देणाऱ्याच्या खात्यात अकराच नोंदी असतील, तर बारावी कुणाच्या तरी टेबलाच्या खणात आहे असे समजावे. लेखापरीक्षक तर बिलांच्या फायलीवर विसंबतच नाहीत. ते एप्रिलनंतर बँकेतून गेलेल्या मोठ्या रकमा काढतात आणि प्रत्येकीमागचे बिल कुठल्या काळाचे, हे विचारतात.

अंदाजाने केलेल्या तरतुदीचा गैरवापरही होतो. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीला इतर कंपन्यांच्या तारा वापरल्याची बिले अनेकदा काही महिन्यांनी यायची, त्यामुळे दर तिमाहीला तरतूद करणे भागच होते. 1999 आणि 2000 मध्ये कसलाही आधार नसताना या तरतुदी कमी करून खर्च सुमारे 330 कोटी डॉलरने लपवला गेला. 2002 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

राहिले वकिलांचे बिल. संचालक मंडळ हिशेब मंजूर करेपर्यंत हाती आलेले बिल जुन्या वर्षात घेता येते. आपल्या कारखान्याचे हिशेब मे महिन्यात मंजूर झाले आणि बिल जूनमध्ये आले. हिशेबनिसाने मात्र एप्रिलमध्येच वकिलांना फोन करून मार्चअखेरपर्यंतच्या तारखांची फी विचारून घेतली होती.