स्क्रीनवर 'सेव्ह झालं' दिसलं, तरी बदल गायब.. सर्व्हरच्या घड्याळांचा हा घोळ नेमका काय असतो ?

समजा एका मुलीने फोटो टाकला. सेटिंग होतं 'सगळ्यांना दिसेल'. पोस्ट केल्या केल्या तिच्या लक्षात आलं की मागच्या भिंतीवर घराचा पूर्ण पत्ता दिसतोय. तिने तीन सेकंदात सेटिंग बदलून 'फक्त मित्रांना' केलं. स्क्रीनवर 'सेव्ह झालं' असं आलं, तिने निवांत फोन खाली ठेवला.

आणि फोटो रात्रभर सगळ्या जगाला दिसत राहिला.

यात हॅकिंग नाही, नेट गेलेलं नाही, सर्व्हर बंद पडलेला नाही. एरर तर कुठेच नाही. फक्त दोन सर्व्हरच्या घड्याळांमध्ये पाच सेकंदांचा फरक होता. हे उदाहरण आपण रचलेलं आहे, पण असा घोळ खराखुरा होतो आणि तो कसा होतो हे एकदा बघण्यासारखं आहे.

मोठं ॲप एका मशीनवर चालत नाही, हे आपल्याला माहिती असतं. तिची पहिली रिक्वेस्ट गेली अ सर्व्हरकडे आणि दुसरी गेली ब सर्व्हरकडे. दोघांनी आपापल्या घड्याळात बघून नोंदीवर वेळेचा शिक्का मारला आणि नोंद डेटाबेसला पाठवली. आता एकाच फोटोच्या सेटिंगसाठी डेटाबेसकडे दोन नोंदी आल्या. खरी कुठली धरायची ? कॅसँड्रासारख्या डेटाबेसचा नियम एकदम सोपा आहे, ज्या नोंदीवरची वेळ नंतरची, ती जिंकली. दुसरी नोंद गुपचूप टाकून दिली जाते.

आता खरी वेळ धरा १०:००:००. अ चं घड्याळ पाच सेकंद पुढे आहे, त्यामुळे 'सगळ्यांना' या नोंदीवर शिक्का पडला १०:००:०५. तीन सेकंदांनी ब कडे बदल आला. ब चं घड्याळ अगदी बरोबर आहे, त्याने शिक्का मारला १०:००:०३. डेटाबेसने दोन्ही आकडे बघितले, ०५ मोठा दिसला, म्हणून 'सगळ्यांना' हे नवीन आणि 'फक्त मित्रांना' हे जुनं ठरलं. डेटाबेसने नियमाप्रमाणेच काम केलं. गंमत म्हणजे ज्या ब चं घड्याळ बरोबर होतं, त्याचीच नोंद मेली.

यात अजून एक वैताग आहे. मुलीने तक्रार केली आणि कंपनीतल्या इंजिनिअरने तेच करून बघितलं, तर बहुतेक वेळा सगळं व्यवस्थित चालतं. कारण दोन बदलांमध्ये पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, किंवा दोन्ही रिक्वेस्ट एकाच सर्व्हरकडे गेल्या, की घोळ होतच नाही.

मग पकडायचं कसं ? कॅसँड्रामध्ये नोंदीवरचा शिक्का बघता येतो. टेबलचं नाव photos आणि सेटिंगच्या कॉलमचं नाव privacy असेल तर असं विचारायचं,

```
SELECT privacy, WRITETIME(privacy) FROM photos WHERE id = 42;
```

उत्तरात मायक्रोसेकंदांमधला लांबलचक आकडा येतो. नुकत्याच लिहिलेल्या नोंदीवरची ही वेळ आत्ताच्या वेळेच्याही पुढची निघाली, तर समजायचं की कुणाचं तरी घड्याळ भविष्यात चालतंय. मग एकेका सर्व्हरवर जाऊन `chronyc tracking` ही कमांड चालवली की ते घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे ते कळतं.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हरचं घड्याळ चुकतंच कसं ? आपल्या मोबाईलला तर आपोआप वेळ मिळते.

सर्व्हरमध्ये असतो क्वार्ट्झचा स्फटिक, तोच जो साध्या मनगटी घड्याळात असतो. तापमान बदललं की त्याची गती किंचित बदलते. दहा लाख सेकंदांमागे २० सेकंदांची चूक ही अगदी नेहमीची गोष्ट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोज साधारण पावणेदोन सेकंद होतात. म्हणजे वेळ जुळवणारा प्रोग्रॅम तीन दिवस बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की झाले आपले पाच सेकंद.

हा जुळवणारा प्रोग्रॅम वापरतो एनटीपी नावाची पद्धत. आपला सर्व्हर वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारतो 'किती वाजले', उत्तर येतं आणि जाण्यायेण्यात गेलेल्या वेळेचा निम्मा भाग जाण्याचा, निम्मा येण्याचा असं धरून हिशोब केला जातो. इथेच खरी मेख आहे. समजा जायला ८० मिलिसेकंद लागले आणि यायला २०. एनटीपी दोन्हीकडे ५०-५० धरणार आणि घड्याळ ३० मिलिसेकंदांनी चुकीचं लावणार. वर त्याला ही चूक कळणारही नाही, कारण त्याला एकूण शंभरच दिसतात. म्हणजे जुळवणी चालू असली तरी दोन मशीनची घड्याळं तंतोतंत एक नसतात. फरक लहान होतो, शून्य होत नाही.

यावर गुगलने पैशाच्या जोरावर एक रस्ता काढला. २०१२ साली त्यांनी स्पॅनर या डेटाबेसची माहिती जाहीर केली, त्यात डेटा सेंटरमध्ये जीपीएस रिसीव्हर आणि अणुघड्याळं बसवलेली होती. तिथलं घड्याळ 'आत्ता इतके वाजले' असं सांगतच नाही, 'या वेळेपासून त्या वेळेपर्यंतच्या मध्ये कुठेतरी' असं सांगतं. मग जेवढी शंका तेवढा वेळ थांबायचं आणि नंतरच नोंद पक्की झाली असं कळवायचं. शंका काही मिलिसेकंदांचीच असल्याने थांबणं परवडतं. पण प्रत्येकाला अणुघड्याळ परवडत नाही.

दुसरा रस्ता याच्या बराच आधीचा आहे. १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने सांगितलं की क्रम लावायला वाजले किती हे कळायची गरजच नाही. प्रत्येक मशीनने एक साधा आकडा ठेवायचा. काही घडलं की आकडा एकने वाढवायचा, निरोप पाठवताना तो आकडा सोबत द्यायचा आणि ज्याला निरोप मिळाला त्याने आपला आणि आलेला यातला मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवायचा. झालं. कारण आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम कधीच उलटत नाही.

अडचण एवढीच, की शिक्क्यावर ४८१२ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ काल संध्याकाळ की आज सकाळ हे कोण सांगणार ? 'काल पाच वाजता डेटा कसा होता ते दाखव' असं अशा घड्याळाला विचारताच येत नाही.

या दोन्हींची सांगड घालणारं घड्याळ म्हणजे हायब्रिड लॉजिकल क्लॉक. २०१४ साली संदीप कुलकर्णी, मुरात देमिरबाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. यात शिक्क्याचे दोन भाग असतात. पहिला भाग वेळेचा, म्हणजे या मशीनने आजवर स्वतःच्या घड्याळात किंवा आलेल्या निरोपांवर पाहिलेली सगळ्यात पुढची वेळ. दुसरा भाग छोटा मोजणीचा आकडा, वेळ सारखीच राहिली तर क्रम लावण्यासाठी.

नियम असा, की निरोप आला की आपलं घड्याळ, आपला आधीचा शिक्का आणि आलेला शिक्का या तिघांतली पुढची वेळ घ्यायची. ती वेळ आपल्या घड्याळाचीच निघाली तर मोजणी शून्यावर. आधीच्या किंवा आलेल्या शिक्क्यातली निघाली तर त्या शिक्क्याच्या मोजणीत एक मिळवायचा.

आता त्या फोटोकडे परत जाऊ. घड्याळं तशीच चुकलेली आहेत, अ पाच सेकंद पुढेच आहे.

```
A: photo public     (10:00:05, 0)
B: friends only     (10:00:05, 1)
B: next write       (10:00:05, 2)
B: after 2 seconds  (10:00:06, 0)
```

पहिल्या ओळीत अ ने शिक्का मारला आणि 'पोस्ट झालं' या उत्तरासोबत तो फोनमधल्या ॲपला दिला. ॲपने पुढची रिक्वेस्ट ब कडे पाठवताना तोच शिक्का सोबत नेला. ब ने स्वतःचं घड्याळ बघितलं, तिथे ०३ वाजलेत, पण हातात आलेला शिक्का सांगतोय ०५. मग ब ने ०५ घेतले आणि मोजणी एकने वाढवली. डेटाबेसकडे दोन्ही नोंदी आल्या तेव्हा वेळ सारखी, मोजणीत १ मोठा, त्यामुळे 'फक्त मित्रांना' जिंकलं. पत्ता वाचला.

तिसरी ओळ म्हणजे खऱ्या १०:००:०४ ला ब कडे आलेली पुढची नोंद. पण खरी भारी गोष्ट आहे चौथ्या ओळीत. ब ने आपलं मूळ घड्याळ हलवलेलं नाही. ते आपल्या गतीने चालत ०५ च्या पुढे गेलं, की शिक्का परत खऱ्या वेळेवर आला आणि मोजणी शून्य झाली. त्यामुळे हा शिक्का कितीही निरोप आले गेले तरी मशीनमधल्या घड्याळांच्या फरकापेक्षा जास्त भरकटत नाही आणि 'काल पाच वाजता' हा प्रश्नही विचारता येतो. जागाही जास्त लागत नाही, मूळ मांडणीत ६४ बिटांत सगळं बसवलंय, ४८ वेळेला आणि १६ मोजणीला.

मोंगोडीबीने ३.६ या व्हर्जनपासून याच जातीचं घड्याळ आणलं. तिथे अर्धे बिट सेकंदांना आणि अर्धे मोजणीला आहेत. ॲपने शिक्का सोबत नेण्याचं काम त्यांचा ड्रायव्हर करतो. वर त्या शिक्क्यावर सर्व्हरची डिजिटल सही असते. कारण उघड आहे, कुणी टवाळखोराने २०९९ सालचा शिक्का पाठवला आणि सर्व्हरने 'पुढची वेळ घ्यायची' हा नियम पाळला, तर अख्खी यंत्रणाच २०९९ मध्ये जाऊन बसेल.

हाच धोका बिघडलेल्या घड्याळाचाही आहे, म्हणून मर्यादा घालावी लागते. कॉक्रोचडीबीमध्ये घड्याळांचा कमाल फरक मुळात ५०० मिलिसेकंद धरलेला असतो. एखाद्या मशीनला आपलं घड्याळ निदान निम्म्या मशीनपेक्षा या मर्यादेच्या ८० टक्क्यांहून जास्त, म्हणजे ४०० मिलिसेकंदांहून जास्त सरकलेलं दिसलं, तर ते स्वतःच बंद पडतं. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, हा हिशोब आम्हाला तरी पटतो.

आणि एक भोक तरीही उरतं. समजा त्या मुलीने स्वतः सेटिंग बदललंच नाही. तिने भावाला फोन लावला, 'माझ्या अकाऊंटवरून तो फोटो पटकन बंद कर'. भावाच्या ॲपकडे अ चा शिक्का नाही, कारण निरोप गेला तो बोलण्यातून, यंत्रणेतून नाही. त्याच्या ॲपने जुनी नोंद न वाचता थेट बदल ब कडे पाठवला, तर ब पुन्हा स्वतःचंच घड्याळ बघणार आणि ०३ चा शिक्का मारणार. त्याच्या ॲपने लिहिण्याआधी ती नोंद एकदा वाचली असती, तर वाचतानाच ०५ चा शिक्का हातात आला असता आणि पुढचं सगळं बरोबर झालं असतं.