भागीदाराचा पगार: वहीतला आणि कायद्यातला

भागीदारी फर्म आणि तिचे भागीदार हे व्यवहारात वेगळे वाटत असले, तरी भागीदारी कायद्याच्या दृष्टीने भागीदार म्हणजेच फर्म. स्वतःला नोकर ठेवता येत नाही. म्हणून भागीदाराचा 'पगार' हा खरे तर नफ्याचाच वेगळ्या नावाने काढलेला भाग असतो. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात कलम १३ मध्ये हेच गृहीत धरले आहे. करारपत्रात काहीच लिहिले नसेल, तर भागीदाराला कामाचा मोबदला नाही, भांडवलावर व्याज नाही आणि भांडवल कमी-जास्त असले तरी नफा-तोटा सारखाच वाटायचा. फक्त ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम कुणी फर्मला दिली, तर तिच्यावर वर्षाला ६ टक्के व्याज मिळते.

करारपत्र केले जाते ते प्रामुख्याने हे नियम बदलण्यासाठीच. एकाने पैसा घातला आणि दुसरा दिवसभर गल्ल्यावर बसला, तर सारखी वाटणी दोघांनाही खटकते. व्याजाने पैशाची आणि पगाराने श्रमाची भरपाई होते. उरलेला नफा मग सारखा वाटला तरी कुणाची तक्रार राहत नाही.

एका हार्डवेअरच्या दुकानाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. माधवचे भांडवल ४ लाख, सुलभाचे १० लाख. दुकान माधव सांभाळतो, सुलभा कामात नाही. करारानुसार भांडवलावर १५ टक्के व्याज, माधवला दरमहा ७५,००० रुपये पगार आणि उरलेल्या नफ्याची निम्मी-निम्मी वाटणी. २०२५-२६ या वर्षात व्याज आणि पगारापूर्वीचा नफा १२ लाख रुपये झाला. नफा-तोटा विनियोजन खात्यात आधी व्याज टाकले जाते: माधवला ६०,०००, सुलभाला १,५०,०००. मग पगाराचे ९ लाख. उरतात ९०,०००, म्हणजे प्रत्येकी ४५,०००. या सगळ्या रकमा भागीदारांच्या चालू खात्यांत जमा होतात आणि वर्षभरात केलेली उचल तिथूनच वजा होते.

हिशोब इथे पूर्ण झाला, पण प्राप्तिकराचा नाही. फर्मला पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर लागतो. भागीदाराला मात्र टप्प्याटप्प्याचे दर लागतात. पगार हवा तितका वाढवून फर्मचा नफा शून्यावर आणला, तर कर सहज वाचेल. ही वाट अडवण्यासाठी २०२५-२६ या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४०(ब) आहे. त्यानुसार व्याज जास्तीत जास्त १२ टक्के, तेही सरळव्याजाने, मान्य होते. मोबदला फक्त काम करणाऱ्या भागीदाराला देता येतो आणि त्याची मर्यादा 'पुस्तकी नफ्या'वर ठरते: पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख रुपये, यांपैकी जास्त असेल ते, त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. तोटा झाला तरी ३ लाखांपर्यंत मोबदला मान्य होतो. ही मर्यादा सर्व कार्यरत भागीदारांची मिळून आहे, प्रत्येकाची स्वतंत्र नाही.

पुस्तकी नफा म्हणजे मान्य व्याज वजा केलेला, पण पगार वजा न केलेला नफा. गफलत नेमकी इथेच होते: करारातले पूर्ण व्याज वजा केले जाते किंवा पगारही आधीच वजा करून टाकला जातो. माधव-सुलभाच्या बाबतीत १२ टक्क्यांनी व्याज १,६८,००० होते, म्हणून पुस्तकी नफा १०,३२,०००. त्यातल्या पहिल्या ६ लाखांचे ५,४०,००० आणि उरलेल्या ४,३२,००० चे २,५९,२०० मिळून मर्यादा ७,९९,२०० रुपये. पगार त्याहून १,००,८०० ने जास्त आहे आणि व्याज ४२,००० ने. वाटलेल्या ९०,००० मध्ये हे दोन आकडे मिळवले की फर्मचे करपात्र उत्पन्न २,३२,८०० येते आणि उपकर धरून कर सुमारे ७२,६३० रुपये.

जास्तीचा पगार देणे बेकायदा नाही. त्यावर कर फर्म भरते, एवढेच. म्हणून माधवच्या हातात तोच भाग पुन्हा करपात्र होत नाही. त्याच्या विवरणपत्रात ७,९९,२०० मोबदला आणि ४८,००० व्याज धंद्याचे उत्पन्न म्हणून येते. नफ्याचा हिस्सा त्याला करमुक्त असतो.

१ एप्रिल २०२५ पासून यात कलम १९४टी ची भर पडली. एका भागीदाराला वर्षभरात दिलेला पगार, व्याज, बोनस किंवा कमिशन मिळून २०,००० रुपयांवर गेले, तर फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा. रोख दिली नाही, नुसती खात्यावर जमा केली, तरीही. माधवचे ९,६०,००० आणि सुलभाचे १,५०,००० पाहता कपात ९६,००० आणि १५,००० होते. नफ्याच्या हिश्श्यावर ती नाही.

मर्यादेत बसलेला पगारही करारपत्रामुळे नाकारला जाऊ शकतो. 'भागीदार वेळोवेळी ठरवतील तो पगार' असे मोघम वाक्य चालत नाही. रक्कम किंवा ती काढण्याची रीत स्पष्ट लिहावी लागते, असे प्रत्यक्ष कर मंडळाने १९९६ च्या ७३९ क्रमांकाच्या परिपत्रकात सांगितले आहे. मार्चमध्ये नफा पाहून करार बदलायचा आणि वाढीव पगार मागच्या एप्रिलपासून लावायचा, हेही कर-हिशोबात टिकत नाही. करार होण्याआधीच्या काळाचा मोबदला मान्य होत नाही.