बासष्ट दिवसांची भरती

अलिबागसारख्या एखाद्या बंदराच्या धक्क्यावर एक खांब रोवलेला आहे आणि त्यावर सेंटिमीटरच्या खुणा आहेत, असं समजू. एक माणूस रोज सकाळी ठीक सात वाजता तिथे येतो, पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते वहीत लिहितो आणि घरी जातो. दिवसभरात पुन्हा समुद्राकडे फिरकत नाही. पहिल्या दिवशी नेमकी पूर्ण भरती आहे. पाणी सरासरी पातळीच्या १०० सेंटिमीटर वर. दुसऱ्या दिवशी आकडा येतो ९१. मग ६६, मग २९, आणि पाचव्या दिवशी पाणी सरासरीच्या १३ सेंटिमीटर खाली. आठव्या दिवशी ते ९९ सेंटिमीटर खाली जातं. तिथून आकडा पुन्हा चढू लागतो आणि सोळाव्या दिवशी जवळजवळ शंभरावर येतो.

वहीतले ठिपके जोडले की सुबक साइन लहर उमटते. तिची एक फेरी पावणेपंधरा दिवसांची. पण समुद्राने या काळात पावणेपंधरा दिवसांची एक फेरी केलेलीच नाही. त्याने सव्वा बारा तासांहून थोड्या मोठ्या अशा अठ्ठावीस-एकोणतीस फेऱ्या केल्या आहेत.

हे आकडे सोयीसाठी फक्त चंद्रामुळे येणारी मुख्य भरती धरून काढले आहेत. खऱ्या समुद्रात तिच्याबरोबर सूर्याची भरती आणि इतरही लहान चढउतार मिसळलेले असतात. पण घोळ समजायला ही एक लहर पुरेशी आहे. तिचा काळ १२ तास २५ मिनिटं. म्हणजे आज सकाळी सातला पूर्ण भरती असेल, तर पुढची संध्याकाळी सात पंचविसाला आणि त्यानंतरची उद्या सकाळी सात पन्नासला. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशेब त्यावरच उभा आहे. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. दर तिथीला पाऊण तास वाढतो, आणि पन्नास मिनिटांना तो पुरेसा जवळ आहे.

आता वहीवाल्याकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी सातला तो खांबापाशी उभा असतो, तेव्हा भरती पूर्ण व्हायला पन्नास मिनिटं उरलेली असतात, म्हणून आकडा ९१. तिसऱ्या दिवशी शंभर मिनिटं उरलेली असतात, म्हणून ६६. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. या दोन्ही दिवशी सातच्या ठोक्याला खांबावरचं पाणी चढत असतं. तो पाच मिनिटं जास्त थांबला असता, तर त्याला ते डोळ्यांनी दिसलं असतं. तरीही वहीतला आकडा दिवसेंदिवस उतरत जातो. पाणी चढतंय आणि नोंद उतरतेय. खोटी लहर खऱ्या लहरीपेक्षा संथ तर आहेच, शिवाय ती उलटी चालते आहे.

याचं कारण असं. चोवीस तासांत ही भरती १.९३ फेऱ्या करते. म्हणजे दोन फेऱ्या पूर्ण व्हायला ०.०७ फेरी कमी पडते. वहीला मधल्या फेऱ्यांचा पत्ताच नसतो. एक पूर्ण फेरी होऊन गेली काय किंवा झालीच नाही काय, पाणी त्याच खुणेवर येणार. त्यामुळे ठिपक्यांमध्ये पूर्ण फेऱ्या गळून पडतात आणि उरते ती फक्त शिल्लक: रोज ०.०७ फेरीने मागे पडणं. नेमका आकडा ०.०६७७ घेतला, तर अशी मागे पडत एक आख्खी फेरी भरायला १४.७७ दिवस लागतात. वहीतली लहर म्हणजे ही शिल्लक.

उधाण आणि भांग यांचं चक्रही याच लांबीचं असतं, आणि त्यामुळे गल्लत होऊ शकते. उधाण-भांगात भरती-ओहोटीमधलं अंतर खरोखरच वाढतं आणि कमी होतं. चंद्र आणि सूर्य यांच्या भरत्या कधी एकमेकींना जोर देतात, कधी काटतात. वहीत मात्र फक्त चंद्राची भरती आहे आणि सोबत सातचा ठोका. घड्याळ सूर्याला बांधलेलं, म्हणून लांबी तीच येते. हाच माणूस रोजच्याऐवजी दर वीस तासांनी आला असता, तर वहीत वेगळ्याच लांबीची लहर उमटली असती. उधाण-भांगाचं चक्र मात्र तिळभरही हललं नसतं.

या घोटाळ्याला एलियसिंग म्हणतात. त्यातून सुटायचं असेल, तर एका फेरीत दोनपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं. चंद्राच्या भरतीसाठी याचा अर्थ दर सहा तास बारा मिनिटांच्या आत एकदा. असं का, तेही वहीच्या हिशेबातूनच कळतं. दोन नोंदींच्या मध्ये अर्ध्या फेरीपेक्षा कमी हालचाल झाली असेल, तर सर्वांत छोटी वाटणारी हालचालच खरी असते. अर्ध्यापेक्षा जास्त झाली, की पुढून ०.९३ आणि मागून ०.०७ हे ठिपक्यांना सारखंच, आणि ठिपके जोडणारा छोटा रस्ता धरतो. ही अर्ध्या फेरीची मर्यादा हॅरी नायक्विस्ट या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते.

मुंबईत अपोलो बंदराच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. अशा जुन्या मापकांची रचना पाहिली की या दुखण्यावरचा उपाय अगदी उघड दिसतो. पाण्यात एक उभी विहीरवजा नळी असते, तिच्या आत तरंगता गोळा, आणि नळीच्या तळाशी फक्त एक लहानसं भोक. बाहेर वाऱ्याच्या लाटा दर काही सेकंदांनी वरखाली होत असतात. ताशी एक नोंद घेणाऱ्याने त्या लाटा थेट मोजल्या, तर त्यांच्याही खोट्या, संथ लहरी नोंदीत शिरतील आणि भरतीपासून वेगळ्या ओळखता येणार नाहीत. भोकातून मात्र काही सेकंदांत फारसं पाणी आत-बाहेर होऊ शकत नाही. लाटा बाहेरच राहतात, तासन्‌तास चालणारी भरती तेवढी आत येते. यात क्रमाला महत्त्व आहे: वेगवान हालचाल मोजण्याआधी काढून टाकावी लागते. नोंद एकदा झाली, की वहीतल्या ठिपक्यांवर कितीही गणित केलं तरी लाट आणि भरती वेगळ्या होत नाहीत.

उपग्रहाला अशी नळी लावता येत नाही.

१० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिकेच्या नासाने आणि फ्रान्सच्या सीएनईएस या अंतराळ संस्थेने मिळून टोपेक्स/पोसायडन हा उपग्रह सोडला. १,३३६ किलोमीटर उंचीवरून तो रडारचा स्पंद खाली पाठवायचा, तो समुद्रावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचा आणि त्यावरून समुद्राची पातळी काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने काढायचा. पृथ्वीभोवती १२७ फेऱ्या झाल्या, की तो पुन्हा त्याच वाटेवर येई, त्याला ९.९१५६ दिवस लागत. म्हणजे खांबावरचा माणूस आता रोज येत नाही, जवळजवळ दहा दिवसांनी येतो.

दोन भेटींमध्ये चंद्राची भरती १९.१६ फेऱ्या करून गेलेली असते. एकोणीस गळाल्या, ०.१६ उरली. दर दहा दिवसांना ०.१६ फेरी, म्हणजे पूर्ण फेरीला ६२ दिवस. उपग्रहाच्या नोंदींत बारा तासांची भरती दोन महिन्यांनी येते. सूर्याच्या भरतीचा काळ बरोबर बारा तासांचा, ती १९.८३ फेऱ्या करते, म्हणजे विसाला ०.१७ कमी. ती उलट्या दिशेने चालत ५८.७ दिवसांची लहर होते.

उपग्रह बनवणाऱ्यांना हे आधीच ठाऊक होतं, आणि कक्षा ठरवताना त्यांनी हा हिशेब मांडलेला होता. भरत्यांचे खरे काळ खगोलगणितातून दशांशाच्या पुढच्या कित्येक घरांपर्यंत माहीत असतात. त्यामुळे ६२ दिवसांची लहर दिसली, की ती कुणाची हे सांगता येतं, आणि तिची उंची मोजली, की त्या जागच्या भरतीची उंची कळते. फक्त एक अट आहे: दोन भरत्यांची सोंगं एकमेकींपासून वेगळी दिसली पाहिजेत. ६२ आणि ५८.७ एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की त्यांच्यात एका पूर्ण फेरीचं अंतर पडायला सुमारे तीन वर्षं लागतात. तेवढ्या नोंदी जमेपर्यंत एका जागी मोजलेल्या चढउतारात चंद्राचा वाटा किती आणि सूर्याचा किती, हे खात्रीने वेगळं करता येत नाही.

ही अट न पाळणाऱ्या कक्षाही आहेत. इस्रो आणि सीएनईएस यांचा सरल हा उपग्रह २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. तो दर ३५ दिवसांनी त्याच जागी येई आणि त्याची कक्षा सूर्याशी जुळवलेली होती, म्हणजे एखाद्या जागेवरून तो जाई तो नेहमी त्याच स्थानिक सौरवेळेला. ३५ दिवसांत ८४० तास, आणि त्यात बारा तासांच्या फेऱ्या बरोबर सत्तर. शिल्लक शून्य. चंद्राची भरती त्याला साडेचौऱ्याण्णव दिवसांची लहर म्हणून दिसे. सूर्याची मात्र कधी हललीच नाही. एखाद्या जागी ती प्रत्येक भेटीला वीस सेंटिमीटर चढलेली असेल, तर नोंदीत तिथे समुद्राला वीस सेंटिमीटरचा कायमचा उंचवटा आहे असं वाटेल. वर्षानुवर्षं मोजूनही हे सुटत नाही. अशा उपग्रहाच्या आकड्यांतून सूर्याची भरती वजा करायची, तर ती दुसरीकडून आणावी लागते, आणि त्यासाठी टोपेक्सच्या वाटेवर मिळालेल्या नोंदींवर बेतलेली भरतीची प्रारूपं कामी येतात.

पण टोपेक्सच्या वाटेतही एक फट राहिली. त्याच वाटेवरून पुढे गेलेल्या जेसन उपग्रहांनी जगभरच्या समुद्राच्या सरासरी पातळीचा आलेख काढला. ही पातळी वर्षाला काही मिलिमीटरने चढते आहे. त्या चढावर ५९ दिवसांची एक बारीक लहर दिसू लागली. साऱ्या समुद्राचं पाणी दर दोन महिन्यांनी वाढावं आणि घटावं, याला काही कारण नव्हतं. ५९ हा आकडा मात्र ओळखीचा होता: सूर्याच्या भरतीचं सोंग नेमकं तेवढ्याच काळाचं. माग काढल्यावर त्याचा बराच भाग टोपेक्सच्या स्वतःच्या मोजमापातल्या एका चुकीपाशी पोचला. उपग्रहाची कक्षा आणि सूर्य यांच्यातला कोन बदलत जातो, तशी ती चूकही ५९ दिवसांनी वरखाली होत होती. भरतीची प्रारूपं तयार करताना गणिताला ती सूर्याच्या भरतीहून वेगळी काढता आली नाही आणि भरती म्हणूनच तिची नोंद झाली. मग जेसनच्या आकड्यांतून जेव्हा जेव्हा भरती वजा केली गेली, तेव्हा टोपेक्सची जुनी चूक उलट्या चिन्हाने त्यांत उतरत राहिली.