भिंत जाड केली तरी आवाज येतोच! असं का?



माझ्या वर्गातल्या एका मुलाचे पालक मागच्या महिन्यात शाळेत आले होते. घर रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. मुलाची खोली रस्त्याच्या बाजूला आणि शेजारच्या खोलीत आजोबा. आजोबांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे टीव्ही मोठा लावावाच लागतो. मुलाचा अभ्यास होईना, झोपही अपुरी, आणि टीव्हीवरून घरात रोज वाद. मिस्त्रीने सांगितलं, "मधली भिंत जाड करू, रस्त्याकडच्या भिंतीवर आतून आणखी एक थर चढवू आणि छताला फोम लावू." खर्च बराच होता. म्हणून आधी आवाज नक्की कुठून येतो ते शोधायचं ठरवलं. तीच गोष्ट इथे लिहिते आहे, कारण ती बऱ्याच घरांत तशीच्या तशी लागू पडेल.

आधी डेसिबलचा हिशोब समजून घेऊ. आवाज १० डेसिबलने कमी झाला, तर त्याची ऊर्जा दहावा भाग उरते. २० ने कमी झाला तर शंभरावा भाग. कानाला मात्र १० डेसिबलचा फरक साधारण "निम्मा झाला" असा वाटतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटांची भिंत साधारण ४० ते ४५ डेसिबल आवाज रोखते. नऊ इंची भिंत ५० च्या आसपास. म्हणजे भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फायदा पाच-सहा डेसिबलचाच. शिवाय मधली भिंत जाड केली की स्लॅबवर नवीन वजन येतं. ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचंच नाही.

आता रस्त्याकडची बाजू पाहू. बाहेरची भिंत १० फूट बाय १० फूट, म्हणजे १०० चौरस फूट. त्यात ४ बाय ५ फुटांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी, म्हणजे २० चौरस फूट. पाचवा भाग. भिंत नऊ इंची, तिच्यातून आवाजाचा एक लाखावा भाग आत येतो. जुनी, ढिली सरकती खिडकी २० डेसिबलच रोखते असं धरू, म्हणजे तिच्यातून शंभरावा भाग आत येतो. खिडकी एकूण जागेच्या पाचवा भाग आहे, म्हणून बाहेरच्या आवाजाचा पाचशेवा भाग तिच्यातून आला. भिंतीचा वाटा काढून पाहिलात तर आत आलेल्या आवाजाच्या अडीचशे भागांपैकी जेमतेम एक भाग भिंतीतून येतो! अशा घरात बाहेरची भिंत किल्ल्याच्या तटासारखी केली तरी मुलाला फरक कळणार नाही. (पाचवी-सहावीला अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण घेऊन पाहा, मुलं मन लावून सोडवतात.)

मग खिडकीत बिघाड कुठे होता? रात्री खोलीतला दिवा बंद केला, खिडकी लावली आणि एकाने बाहेर गॅलरीतून कडेकडेने टॉर्च फिरवला. दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे खालपासून वरपर्यंत उजेडाची रेघ दिसली. झडपांच्या कडेला केसाळ पट्टी असते, दुकानात तिला वूल पाइल म्हणतात, ती झिजून सपाट झाली होती. चौकट आणि गिलावा यांच्यामध्येही एका कोपऱ्यात फट होती. उजेडाऐवजी उदबत्तीचा धूर धरूनही हे कळतं. वाऱ्याच्या दिवशी धूर जिथे हलतो तिथून आवाजही येतो.

पट्टी बदलली, चौकटीभोवती सिलिकॉन भरलं. एक गोष्ट मात्र मुद्दाम सोडली. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती आवाजासाठी बुजवली तर पावसाळ्यात पाणी खोलीत येतं. सरकती खिडकी पूर्ण घट्ट होऊच शकत नाही, त्याचं हे एक कारण. पुढे खर्च करायचाच असेल तर बिजागरीवर उघडणारी, चारही बाजूंनी रबर गास्केट असलेली खिडकी घ्यावी. ती बसवून झाल्यावर झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटून आली तर तिथे रबर दाबलं जात नाहीये, कारागिराला लगेच दाखवा.

यालाही मर्यादा आहे. हॉर्न आणि रिक्षाचा आवाज चांगला कमी होतो, पण ट्रक-बसची घरघर खालच्या सुराची असते, ती पातळ काचेतून येतेच. त्यासाठी जाड काच, किंवा आतून चारेक इंच अंतर सोडून दुसरी खिडकी लागते. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडकी दिवसभर बंद ठेवणार कशी? त्या घरात संध्याकाळी अभ्यासाचे दोन तास ती बंद असते, तेव्हा मागच्या बाजूची खिडकी उघडी ठेवतात.

आता आजोबांचा टीव्ही. मधली भिंत चार इंची, पण टीव्ही लावून भिंतीला कान लावला तर शब्द कळत नव्हते. मुलाच्या दाराच्या खालच्या फटीपाशी कान नेला, तर मालिकेतला प्रत्येक संवाद स्पष्ट! दोन्ही खोल्यांची दारं एकाच पॅसेजमध्ये उघडतात. दार ८० सेंटीमीटर रुंद आणि खाली एक सेंटीमीटर फट. ही फट झाली ८० चौरस सेंटीमीटर, एखाद्या मोबाईलपेक्षाही लहान. पण दोन मीटर उंच दाराच्या ती दोनशेवा भाग आहे, आणि तेवढा आवाज तिथून बिनविरोध आत जातो. म्हणून ते दार सागवानी केलं तरी साधारण २३ डेसिबलच्या वर रोखणार नाही. दोन्ही दारांखाली टॉवेल गुंडाळून घातला, तर मुलगाच म्हणाला, "आता नुसती गुणगुण येतेय." टॉवेलने फरक पडला म्हणून मग दाराच्या तळाला आणि चौकटीला रबराची पट्टी बसवली. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड चार इंची भिंतीत पाठीला पाठ लावून असतील, तर त्यामागची पोकळीही तपासा.

एवढं करून भिंतीतूनच आवाज येत असेल, तर जुन्या भिंतीला न टेकणारी वेगळी चौकट, त्यात रॉकवूल आणि वरून जिप्सम बोर्ड, हा उपाय वीट चढवण्यापेक्षा हलका आणि जास्त गुणकारी. खोलीची चारेक इंच जागा मात्र जाते. खुर्ची ओढल्याचा किंवा खलबत्त्याचा आवाज स्लॅबमधून फिरून येतो, तो याने थांबत नाही.

राहिलं छत. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. मऊ छत खोलीतला घुमणारा आवाज शोषतं, पलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा, ती खणखणते. छिद्रांच्या मिनरल फायबर टाइल्स लावल्या की ती खणखण जाते. घुमण्याचा वेळ निम्मा झाला तर आवाज सुमारे तीन डेसिबल उतरतो, बस. नेहमीचं पीओपीचं फॉल्स सीलिंग तर कडकच, ते फारसं शोषतही नाही. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे यांचा उपयोग नगण्य, आणि आग लागली तर धोका मोठा. घरात गादी, जाड पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असेल तर शोषणाचं बरंच काम तेच करतात. म्हणून त्या घरात छताला हातच लावला नाही.

एका ठिकाणी मात्र छत बघावंच लागतं. मोठी खोली पार्टिशन घालून दोन केलेली असेल आणि पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलेलं असेल, तर वरची पोकळी दोन्ही खोल्यांना एकच असते. आवाज वरून उडी मारून पलीकडे जातो. दिव्याच्या भोकातून टॉर्च मारून पाहा. मूळ स्लॅबपर्यंत पार्टिशन दिसलं नाही, तर आधी तो वरचा भाग बोर्डाने बंद करून कडा सिलिकॉनने भरून घ्या.