जीभ आवरली की ओठ भरतात

थंडी सरते, फेब्रुवारीचं ऊन तापायला लागतं, तरी काहींचे ओठ उललेलेच राहतात. रोज नवा पापुद्रा सुटतो, तो ओढला की खाली लाल, चुरचुरणारी जागा दिसते. दोष थंडीच्या माथी मारून आपण मोकळे होतो. थंडीने सुरुवात केलेली असते हे खरं, पण पुढे महिनोन् महिने हा प्रकार बहुतेक वेळा आपली जीभच चालू ठेवते.

ओठांचा लालसर भाग म्हणजे अंगावरच्या सर्वांत नाजूक कातडीपैकी एक. तिचं वरचं संरक्षक आवरण फार पातळ असतं. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेल पाझरणाऱ्या ग्रंथीही जवळजवळ नसतात. गालाला जे नैसर्गिक तेल मिळतं, ते ओठाला मिळत नाही. म्हणून कोरड्या हवेत, एसीत किंवा पंख्याखाली आधी ओठ सुकतात. ते ताणल्यासारखे वाटले की जीभ आपोआप फिरते आणि क्षणभर बरं वाटतं. पण लाळ लगेच उडून जाते आणि उडताना ओठातला ओलावाही घेऊन जाते. शिवाय लाळ म्हणजे साधं पाणी नव्हे, तिच्यात अन्न पचवणारे पाचकरस असतात. दिवसभर ते नाजूक कातडीवर लागत राहिले की ती चिडते, सोलवटते. सोललेला ओठ अधिक कोरडा वाटतो, म्हणून जीभ पुन्हा फिरते.

शाळकरी मुलांत हे स्पष्ट दिसतं. समजा, नागपूरची दहा वर्षांची मुलगी आहे. डिसेंबरात ओठ फुटले, चाटायची सवय लागली आणि जानेवारीपर्यंत ओठांभोवती लालसर-काळपट कडं उमटलं. कड्याची बाहेरची कड बरोबर तिची जीभ पोचते तिथे थांबते. निदानाची ही मोठी खूण. घरचे ‘चाटू नकोस’ म्हणून ओरडतात, पण चाटणं तिच्या नकळत होतं, त्यामुळे ओरडण्याचा उपयोग होत नाही. जिभेऐवजी हाताला दुसरं काम द्यावं लागतं.

ते काम म्हणजे साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. छोटी डबी दप्तरात ठेवायची आणि जीभ बाहेर आली, किंवा ओठ ओढल्यासारखे वाटले, की तुरीच्या डाळीएवढी जेली ओठांवर आणि त्या कड्यावरही लावायची. याखेरीज ठरलेल्या वेळा असाव्यात: सकाळी दात घासल्यावर, प्रत्येक जेवणानंतर तोंड धुऊन, आणि झोपताना जरा जाड थर. ओठ किंचित ओलसर असतानाच लावलं तर तो ओलावा आत अडकून राहतो. तूप किंवा खोबरेल लावायलाही हरकत नाही, पण ते लवकर पुसलं जातं, म्हणून वरचेवर लावावं लागतं.

पापुद्रा ओढू नये. फारच लोंबत असेल तर स्वच्छ कात्रीने कापावा. साखर चोळून ‘स्क्रब’ करण्याची टूम फुटलेल्या ओठांसाठी मला तरी जखमेवर मीठच वाटते. पहिले काही दिवस साल निघतच राहील. नेमाने केलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ओठ भरतात. त्यानंतर लगेच डबी सोडली तर जीभ परत कामाला लागते.

नेमाने करूनही फरक पडत नसेल, तर लिप बाम उलटून त्यातले घटक वाचा. मेन्थॉल, कापूर, निलगिरी, दालचिनी यांनी गार किंवा झिणझिणीत वाटतं. तो परिणाम औषधाचा समजून आपण पुन्हापुन्हा लावतो, आणि चिडलेला ओठ आणखी चिडतो. सुगंधी, गोड चवीचा बाम तर जिभेला आमंत्रणच. टूथपेस्टमधला कडक पुदिना किंवा भरपूर फेस आणणारा घटकही कारण असू शकतो. महिनाभर सौम्य पेस्ट वापरून पाहावी. रात्री नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्यांनी आधी नाकाचं बघावं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणारच. तिथे जीभ निर्दोष असते.

कडं फार लाल असेल तर त्वचारोगतज्ज्ञ थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड मलम देतात. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेली कडक मिश्र मलमं मात्र तोंडाभोवती लावू नयेत. त्यांनी आधी छान वाटतं, मग बारीक पुरळ उठतं. केवळ ओठांच्या कोपऱ्यांना चिरा असतील तर बुरशीचा संसर्ग किंवा लोह, ब जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते. आणि वर्षानुवर्षं उन्हात राबणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या खालच्या ओठावर एकाच जागी पांढरट, खरखरीत चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर दोन-तीन आठवड्यांपलीकडे जेली लावत न बसता डॉक्टरांना दाखवावं. ती जागा तपासणीसाठी कातडीचा छोटा तुकडा काढून पाहावी लागू शकते.