न लागलेला आयपीओ

व्हॉट्सॲपवरच्या टिप्सच्या ग्रुपमध्ये रोज सकाळी कोणी ‘सर’ शेअर सुचवतात आणि दुपारी सभासद नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात. त्यातले बहुतेक सभासद टोळीचेच असतात. मग एका ॲपची लिंक येते. समजा, एका निवृत्त शिक्षकांनी त्यात ५० हजार भरले. आठवड्यात ॲपवर ६५ हजार दिसतात, त्यातले ५ हजार काढताही येतात. ही परतफेड म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

खरा घाव आयपीओच्या वेळी बसतो. ‘तुम्हाला ८ लाखांचे शेअर लागलेत, उरलेली रक्कम आज भरा, नाहीतर खातं गोठेल.’ घाबरून माणूस मुदत ठेव मोडतो. खऱ्या आयपीओत असं घडूच शकत नाही. अर्ज करतानाच पूर्ण रक्कम आपल्याच बँक खात्यात अडवून ठेवली जाते आणि शेअर लागले तरच कापली जाते.

शेवटी पैसे काढायला गेलं की ‘आधी २० टक्के कर भरा’ म्हणतात. नफ्यावरचा कर आपण आयकर खात्याला भरतो, ॲपवाल्याला नव्हे.

शेअर खरे असतील तर एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या विवरणात दिसतात. तिथे नसतील, तर ॲपवरचे आकडे नुसते रंगवलेले आहेत. अशा वेळी एक पैसाही आणखी न भरता लगेच १९३० वर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.